कॅशबुक आणि पासबुक जुळत नाही: सोसायटीच्या खजिनदारांकडून वारंवार येणारे प्रश्न

मुंबईतल्या लहान-मोठ्या गृहनिर्माण सोसायट्यांचे हिशोब मी बरीच वर्षं लिहितो आहे. महिनाअखेर आली की खजिनदारांचे फोन सुरू होतात, आणि दहापैकी सहा-सात फोन एकाच गोष्टीचे असतात: "वहीत एक शिल्लक, पासबुकात दुसरी. आता काय करू?" तेच प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उदाहरणं सोसायटीच्या बचत खात्याची आहेत. दुकान किंवा मंडळाचं खातं असलं तरी रीत हीच.

१. कॅशबुक आणि पासबुकातली शिल्लक वेगळी आली, म्हणजे कोणाची तरी चूक झाली का?

बहुतेक वेळा नाही. आपण चेक लिहितो त्याच दिवशी कॅशबुकात खर्च टाकतो, पण बँकेला त्याचा पत्ता लागतो तो समोरच्याने चेक भरल्यावर. उलट, बँक व्याज जमा करते किंवा शुल्क कापते ते तिच्या पुस्तकात लगेच दिसतं आणि आपल्याला पासबुक छापून आणल्यावरच कळतं. दोन्ही पुस्तकं खरी बोलत असतात, फक्त प्रत्येकाला अर्धीच बातमी असते. दोन्हीकडच्या बातम्या एकत्र मांडायचा कागद म्हणजे बँक जुळवणी पत्रक. खरी चूक असेल तर तीही याच कामात सापडते (प्रश्न ६ आणि ११).

२. आमच्या वहीत जे ‘नावे’ ते पासबुकात ‘जमा’ दिसतं. उलटं का?

कारण पासबुक ही बँकेच्या वहीतल्या आपल्या खात्याची नक्कल आहे. आपण पैसे भरले की बँक आपलं देणं लागते, म्हणून ती आपल्या नावावर जमा लिहिते. आपल्या दृष्टीने मात्र बँक हे येणं, म्हणून दुहेरी नोंद पद्धतीत आपण बँक खातं नावे करतो. त्यात जुन्या पद्धतीच्या रोजकीर्दीत आलेल्या पैशाला ‘जमा’च म्हणतात, त्यामुळे नव्या खजिनदाराचा गोंधळ आणखी वाढतो. मी सगळ्यांना एकच सांगतो: जुळवणी करताना नावे-जमा हे शब्द बाजूला ठेवा आणि ‘पैसे आले’ व ‘पैसे गेले’ एवढंच बघा. कॅशबुकातलं ‘आले’ पासबुकातल्या ‘आले’शी ताडायचं, ‘गेले’ ‘गेले’शी.

३. सुरुवात कुठून करायची? माझ्याकडे फक्त पासबुक आणि कॅशबुक आहे.

आणखी एक कागद लागतो: मागच्या महिन्याचं जुळवणी पत्रक. बरेच जण तो न घेताच बसतात आणि तिथेच अडकतात. ऑक्टोबरमध्ये दिलेला चेक नोव्हेंबरमध्ये वटला, तर नोव्हेंबरच्या कॅशबुकात तो कुठेच नसतो. मागचं पत्रक समोर नसेल तर "हा कुठला खर्च?" म्हणून तुम्ही तासभर शोधत राहाल.

पासबुक महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत छापून घ्या किंवा नेट बँकिंगवरून त्या महिन्याचं स्टेटमेंट काढा. दोन्ही पुस्तकांतली शिल्लक एकाच तारखेची हवी. पासबुक ३ तारखेपर्यंत छापलेलं आणि कॅशबुक ३१ पर्यंत, असं घेऊन बसलात तर काहीही जुळणार नाही.

मग आधी मागच्या पत्रकातल्या लटकलेल्या नोंदी पासबुकात शोधा आणि दोन्हीकडे टिक करा. त्यानंतर या महिन्याच्या नोंदी एकेक करून ताडा. टिक करताना रक्कम आणि चेक नंबर, दोन्ही जुळले पाहिजेत. सोसायटीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण वीस सभासदांचा मेंटेनन्स एकाच रकमेचा असतो. नुसती रक्कम पाहून टिक केली तर एकाचा चेक दुसऱ्याच्या नावावर खपून जातो.

शेवटी ज्या ओळींना टिक नाही, तेवढ्याच उरतात. सगळा फरक त्याच ओळींत बसलेला असतो.

४. टिक नसलेल्या नोंदींपैकी कोणत्या कॅशबुकात लिहायच्या आणि कोणत्या फक्त पत्रकात?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून हे नीट सांगतो.

जे बँकेला माहीत आहे पण आपल्या वहीला माहीत नाही, ते आधी कॅशबुकात लिहायचं. व्याज, बँकेचं शुल्क, परस्पर कापलं गेलेलं वीजबिल, सभासदाने थेट खात्यावर पाठवलेले पैसे, परत आलेला चेक हे सगळं प्रत्यक्षात घडलेलं आहे. ते वहीत नसेल तर वही अपुरी आहे. वहीतली स्वतःची चूकही याच वेळी दुरुस्त करायची.

जे आपल्या वहीला माहीत आहे पण बँकेपर्यंत पोचलेलं नाही, ते कॅशबुकात पुन्हा लिहायचं नाही. तिथे ते आधीच आहे. दिलेले पण न वटलेले चेक आणि भरलेले पण जमा न झालेले चेक फक्त पत्रकात दाखवायचे. बँकेने आपल्या खात्यात केलेली चूकही तिथेच.

क्रमही हाच: आधी कॅशबुक पूर्ण करायचं, मग उरलेल्या नोंदींचं पत्रक करायचं. शाळेच्या पुस्तकात जुन्या शिलकेवरून थेट सगळ्या नोंदींची अधिक-वजा करून पासबुकापर्यंत पोचतात. परीक्षेला ते चालतं. पण सोसायटीत तसं केलं की पत्रक जुळतं आणि वही अपुरीच राहते. कापलेलं वीजबिल खर्चात येतच नाही, आणि पुढच्या महिन्यात तीच नोंद पुन्हा पत्रकात डोकं वर काढते.

५. एखादं खरं वाटेल असं उदाहरण आकड्यांसह दाखवाल का?

मुलुंडमधली एक सोसायटी धरू, मेंटेनन्स महिन्याला ४,६०० रुपये. ३१ डिसेंबर २०२५ ला कॅशबुकातली बँक शिल्लक १,८४,३५०, पासबुकात २,१३,०१९. फरक २८,६६९ रुपयांचा. नोव्हेंबरच्या पत्रकातले दोन न वटलेले चेक डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात वटलेले दिसले, त्यांना टिक झाली.

आता पासबुकात टिक नसलेल्या ओळी पाहू. १५ तारखेला एका सभासदाने दोन महिन्यांचे ९,२०० रुपये एनईएफटीने थेट पाठवले आहेत. २२ तारखेला वीजबिलाचे ७,८४५ परस्पर कापले गेले. २६ तारखेला `CHQ RTN` अशी ओळ आहे: एका सभासदाचा ४,६०० चा चेक परत आला आणि त्याखालीच ११८ रुपये शुल्क, म्हणजे १०० अधिक १८ टक्के जीएसटी. ३१ तारखेला १,२१२ रुपये व्याज जमा.

या पाचही नोंदी कॅशबुकात घेऊ. १,८४,३५० मध्ये ९,२०० आणि १,२१२ मिळवले, की १,९४,७६२. त्यातून ७,८४५, ४,६०० आणि ११८ वजा केले, की १,८२,१९९.

आता कॅशबुकात टिक नसलेल्या ओळी. पाणीपट्टीचा १८,४२० चा चेक २९ तारखेला दिलेला, वॉचमन एजन्सीचा २२,००० चा ३० तारखेला, आणि प्लंबरचा ३,७५० चा १२ तारखेला. तिन्ही वटलेले नाहीत, एकूण ४४,१७०. शिवाय ३१ तारखेच्या संध्याकाळी तीन सभासदांचे चेक, एकूण १३,८०० रुपयांचे, बँकेच्या पेटीत टाकले, ते पासबुकात नाहीत.

पासबुकातल्या २,१३,०१९ मध्ये १३,८०० मिळवून ४४,१७० वजा केले, की येतात १,८२,६४९. कॅशबुकात मात्र १,८२,१९९. अजून ४५० रुपये जुळत नाहीत.

हा ४५० सापडला तो लिफ्टच्या देखभालीच्या चेकमध्ये. चेक ६,४९० चा, पासबुकात ६,४९० च गेलेले, पण कॅशबुकात खजिनदारांनी ६,९४० लिहिले होते. टिक करताना चेक नंबर जुळला म्हणून रकमेकडे नजर गेलीच नाही. खर्च ४५० ने जास्त लागला होता. तो दुरुस्त केल्यावर कॅशबुकही १,८२,६४९ वर आलं. पत्रक असं झालं:

| तपशील | रुपये |
|---|---|
| पासबुकाप्रमाणे शिल्लक, ३१ डिसेंबर २०२५ | २,१३,०१९ |
| अधिक: भरलेले पण जमा न झालेले चेक (३) | १३,८०० |
| वजा: दिलेले पण न वटलेले चेक (पाणीपट्टी १८,४२०, वॉचमन एजन्सी २२,०००, प्लंबर ३,७५०) | ४४,१७० |
| कॅशबुकाप्रमाणे शिल्लक (दुरुस्तीनंतर) | १,८२,६४९ |

प्रत्यक्ष पत्रकात प्रत्येक चेकचा नंबर आणि तारीख लिहा. नुसती बेरीज लिहिली तर जानेवारीत ती काहीच कामाची नाही.

६. सगळं टिपूनही थोडा फरक उरतो. तो कसा शोधायचा?

उरलेल्या फरकाकडे आधी बारकाईने बघा. त्याला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा दोन आकड्यांची अदलाबदल झाली आहे. वरचा ४५० हा ९ गुणिले ५० आहे, आणि ६,४९० चे ६,९४० झाले होते. शून्य कमी-जास्त पडलं, म्हणजे ५०० चे ५,००० झाले, तरी फरक ४,५०० येतो आणि त्यालाही ९ ने भाग जातो.

भाग जात नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. ११८ रुपये शुल्क चुकून ‘आले’ बाजूला लिहिलं, तर फरक २३६ चा पडतो. तेही नसेल तर नेमकी फरकाएवढीच रक्कम दोन्ही पुस्तकांत शोधा. एखादी नोंद गाळली गेली असेल किंवा दोनदा पडली असेल. यातलं काहीच नसेल, तर महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक मागच्या पत्रकाशी पडताळा आणि पान बदलताना पुढे नेलेल्या बेरजा पुन्हा करा. हाती लिहिलेल्या वहीत ‘मागील पानावरून’ या ओळीत मला फार चुका सापडल्या आहेत.

ही युक्ती उरलेल्या शेवटच्या फरकालाच लावायची. सुरुवातीचा २८,६६९ हा नऊ-दहा नोंदींचं कडबोळं होता. त्याला भाग देऊन काही हाती लागत नाही. आणि दोन चुका एकत्र असल्या तरी ही युक्ती चालत नाही. तेव्हा पुन्हा एकदा सगळ्या टिका तपासणं हाच मार्ग.

७. फरक पंचवीस-तीस रुपयांचाच आहे. बँक चार्जेसमध्ये टाकून मोकळं झालं तर?

टाकू नका. लहान फरक हा बऱ्याचदा दोन मोठ्या चुकांची वजाबाकी असतो. एका सोसायटीत ४० रुपयांचा फरक तीन महिने चार्जेसला टाकलेला होता. उकलून पाहिलं तर एका सभासदाचे ४,६०० रुपये वहीत दोनदा जमा होते आणि वॉचमनला दिलेले ४,५६० वहीत दोनदा खर्ची. दोनदा झालेल्या जमेमुळे त्या सभासदाच्या खात्यावर थकबाकी असूनही ती दिसत नव्हती. फरक सापडेपर्यंत तो पत्रकात ‘शोध चालू’ म्हणून उघडा ठेवा. तो समितीला दिसला पाहिजे.

८. सभासदाचा चेक परत आला. कॅशबुकात उलटी नोंद केली की झालं का?

अर्धंच काम झालं. चेक परत आला की सभासदाच्या खात्यावरची थकबाकी पुन्हा उभी राहिली पाहिजे, म्हणजे खतावणीतही नोंद हवी. पावती आधीच फाडलेली असेल तर स्थळप्रतीवर ‘चेक परत’ असा शेरा आणि तारीख टाका. बँकेने कापलेलं शुल्क त्या सभासदाकडून वसूल करायचं असेल, तर ते त्याच्या खात्यावर टाका. समितीने तसं ठरवलेलं नसेल तर तो सोसायटीचा खर्च. या दोन रकमा कधीही एकत्र लिहू नका. ४,७१८ अशी एकच नोंद केली की पासबुकातल्या दोन ओळींशी ती जुळत नाही.

पुरेशी शिल्लक नसल्यामुळे चेक परत आला असेल आणि कायदेशीर मार्ग धरायचा असेल, तर बँकेकडून तसं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस असतात. जुळवणी तीन महिन्यांनी एकदा करणाऱ्या सोसायटीला चेक परत आल्याचं कळेपर्यंत ही मुदत सहज निघून जाते. दर महिन्याला बसा म्हणतो ते यासाठीच.

९. खात्यात पैसे आलेत, पण कोणी पाठवले ते कळत नाही. काय करायचं?

कॅशबुकात त्याच तारखेला जमा करा, कारण पैसे खरोखर आलेले आहेत. पण ते मेंटेनन्सचं उत्पन्न म्हणून दाखवू नका आणि अंदाजाने कोणाच्या खात्यावरही टाकू नका. ‘अनोळखी जमा’ असं एक वेगळं खातं उघडा. ती रक्कम सोसायटीकडे ठेव असल्यासारखी, देणं म्हणून राहील.

मग शोध घ्या. पासबुकाच्या छापलेल्या ओळीत जागा कमी असते, त्यामुळे नाव अर्धवट येतं. स्टेटमेंटमध्ये मात्र व्यवहाराचा पूर्ण क्रमांक दिसतो. एनईएफटीचा यूटीआर क्रमांक घेऊन शाखेत गेलात तर पाठवणाऱ्याचं नाव मिळू शकतं. सोपा उपाय आधी करा: सूचना फलकावर तारीख आणि रक्कम लावा. फ्लॅट मुलाच्या नावावर आणि पैसे पाठवले वडिलांनी, किंवा भाडेकरूने परस्पर भरले, अशीच बहुतेक प्रकरणं असतात. सभासद सापडला की अनोळखी जमामधून त्याच्या खात्यावर वर्ग करा. बँकेच्या नोंदीला हात लावायचा नाही.

१०. आम्ही दिलेला चेक तीन महिने झाले तरी वटलेला नाही. तो पत्रकात किती दिवस ठेवायचा?

१ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. उदाहरणातला प्लंबरचा १२ डिसेंबरचा चेक मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर बँक स्वीकारणार नाही. त्यानंतर तो ‘न वटलेला’ म्हणून पत्रकात ठेवण्यात अर्थ नाही. कॅशबुकात ३,७५० परत घ्या आणि प्लंबरचं देणं पुन्हा उभं करा. ही रक्कम किरकोळ उत्पन्नात टाकलेली मी पाहिली आहे, ते चूक आहे. चेक मेला तरी प्लंबरचे पैसे द्यायचेच आहेत.

मुदत संपायच्या आधीच समोरचा "चेक हरवला, दुसरा द्या" म्हणाला, तर आधी बँकेला पहिल्या चेकचं पेमेंट थांबवायचं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मगच दुसरा चेक लिहा. नाहीतर दोन्ही वटल्याचं पुढच्या जुळवणीतच कळतं.

खरं तर महिनाभर न वटलेल्या प्रत्येक चेकसाठी एक फोन करावा. बऱ्याचदा चेक सेक्रेटरींच्या कपाटातच सापडतो (प्रश्न १३).

११. चेक भरून आठवडा झाला, पासबुकात जमा नाही. थांबू की बँकेत जाऊ?

जा. पूर्वी चेक वटायला दोन-तीन दिवस लागत, त्यामुळे महिनाअखेरचे भरणे पत्रकात असायचेच. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत क्लिअरिंगला पाठवण्याची पद्धत सुरू झाली आहे. दिवसाच्या ठरलेल्या वेळात क्लिअरिंगला गेलेल्या चेकचा निकाल त्याच संध्याकाळपर्यंत लागतो. त्यामुळे ३१ तारखेला संध्याकाळी पेटीत टाकलेला चेक पत्रकात असणं रास्त आहे, पण २३ तारखेचा चेक महिनाअखेरीला जमा नसेल तर काहीतरी बिनसलं आहे. एक तर तो परत आला असेल, नाहीतर दुसऱ्याच खात्यात जमा झाला असेल.

जाताना स्लिपची स्थळप्रत न्या. पेटीत टाकलेल्या चेकला बँकेचा शिक्का मिळत नाही, म्हणून मी खजिनदारांना चेकचा फोटो काढून ठेवायला सांगतो. एका बँकेने आमच्या एका सोसायटीचे दोन चेक शेजारच्या, जवळजवळ सारख्याच नावाच्या सोसायटीच्या खात्यात जमा केले होते. फोटोतला चेक नंबर दाखवला तेव्हा अर्ध्या तासात ते सापडले.

बँकेची चूक असेल तर कॅशबुकात काहीही लिहायचं नाही. आपली वही बरोबरच आहे. पत्रकात वेगळी ओळ घाला, बँकेला लेखी कळवा आणि पोच फाइलला लावा. लोकपाल योजनेखाली येणाऱ्या बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. आपण न केलेला ऑनलाइन व्यवहार दिसला तर मात्र महिनाअखेरीची वाट पाहू नका. बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्रयस्थाने केलेल्या अशा फसवणुकीचा भार ग्राहकावर पडत नाही.

१२. खातं ओव्हरड्राफ्टमध्ये असेल तर रीत बदलते का?

रीत नाही, चिन्ह बदलतं. शिल्लक उणे धरा आणि तीच अधिक-वजा करा. पासबुकात उणे ३०,०००, न वटलेले चेक ५,००० आणि जमा न झालेला भरणा ८,००० असेल, तर कॅशबुकात उणे २७,००० यायला हवेत. सोसायटीच्या बचत खात्यावर हा प्रसंग येत नाही, पण कॅशबुकाची शिल्लक मात्र उणे जाऊ शकते: खात्यात आहे त्याहून जास्त रकमेचे चेक लिहून ठेवले की झालं. ते दिसलं तर चेक देणं थांबवा.

१३. ३१ मार्चच्या जुळवणीत वेगळं काय बघायचं?

ताळेबंदात जाणारी बँक शिल्लक ही दुरुस्त कॅशबुकाची असते, पासबुकाची नव्हे. ऑडिटर बँकेचा शिल्लक दाखला मागतात, आणि दाखला व ताळेबंद यांतला फरक पत्रकाने उलगडला पाहिजे.

ऑडिटर पुढे हेही बघतात की पत्रकातले न वटलेले चेक एप्रिलमध्ये कधी वटले. ३१ मार्चची तारीख घातलेले पाच-सहा चेक मेच्या मध्यावर एकाच दिवशी वटले असतील, तर ते मार्चमध्ये दिलेच नव्हते हे उघड होतं. मार्चचा खर्च दाखवण्यासाठी चेक लिहून खणात ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. असा चेक ‘न वटलेला’ धरता येत नाही, तो दिलेलाच नाही. कॅशबुकातली नोंद उलटवा, रक्कम बँकेत परत घ्या आणि बिल देणं म्हणून दाखवा. खर्च त्याच वर्षात राहतो, त्यासाठी चेकची गरजच नसते.

तसंच एप्रिलमध्ये हाती आलेले सभासदांचे चेक मार्चच्या पावतीवर घेऊ नका.

१४. आम्ही टॅलीवर हिशोब ठेवतो. तरी हे सगळं करायचं का?

करायचं, फक्त पेनाऐवजी तारीख टाकायची. टॅलीत बँक खात्याच्या `Bank Reconciliation` मध्ये प्रत्येक नोंदीसमोर `Bank Date` चा रकाना असतो. पासबुकात नोंद ज्या तारखेला दिसते ती तारीख तिथे भरायची. ज्यांना तारीख नाही त्या लटकलेल्या. खाली `Balance as per Company Books`, `Amounts not reflected in Bank` आणि `Balance as per Bank` असं पत्रक आपोआप तयार होतं.

इथे एक चूक वारंवार दिसते. वेळ वाचवायला व्हाउचरचीच तारीख सगळीकडे भरून टाकतात. मग न वटलेला चेकही वटलेला दिसतो आणि काहीच लटकत नाही. `Balance as per Bank` चा आकडा पासबुकाच्या शेवटच्या ओळीशी स्वतः ताडून बघा. दुसरं म्हणजे, बँकेने परस्पर कापलेले पैसे टॅलीला आपणहून कळत नाहीत. त्यांची व्हाउचर प्रश्न ४ प्रमाणे तुम्हालाच करावी लागतात.

१५. आधीच्या खजिनदारांनी दोन वर्षं जुळवणीच केलेली नाही. आता कुठून धरू?

आजची शिल्लक घेऊन मागे जाऊ नका, गुंता सुटत नाही. शेवटच्या ऑडिट झालेल्या ताळेबंदाची तारीख धरा आणि त्या दिवशीचं जुळवणी पत्रक ऑडिटरकडून मागवा. ते नसेल तर त्या तारखेनंतरच्या चार महिन्यांच्या पासबुकात असे चेक शोधा, जे वटले आहेत पण त्या चार महिन्यांच्या कॅशबुकात नाहीत. ते त्या दिवशी न वटलेले होते. भरण्यांचंही तसंच करा, फक्त त्यांना पहिला आठवडा पुरतो. चार महिने अशासाठी की चेक त्याहून जास्त जगत नाही.

तेवढ्या नोंदींनी त्या दिवशीच्या दोन शिलका जुळल्या की तुमचा पाया पक्का. मग एकेक महिना पुढे या, आणि एक महिना जुळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका. बंद झालेल्या वर्षातली चूक सापडली तर जुनी वही खोडू नका; या वर्षात तारीख घालून दुरुस्तीची नोंद करा आणि तपशिलात जुन्या नोंदीचा संदर्भ लिहा. पन्नास-साठ नोंदींच्या सोसायटीला एका महिन्यासाठी साधारण एक संध्याकाळ लागते. पहिले तीन-चार महिने जास्त जातात. पुढे त्याच त्या पार्ट्या, त्याच रकमा ओळखीच्या होतात आणि काम भराभर सरकतं.